मेजावर चालणारा मातीचा बैल : प्रस्तावना

दादासाहेब फाळके 1912 साली लंडनहून कॅमेरा घेऊन परतले, तेव्हा त्यांच्याकडे मोठा चित्रपट काढायला पैसे नव्हते. कर्ज देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून अधिक काळ त्याची वाढ थोडी थोडी टिपली. पडद्यावर तो अंकुर काही क्षणांत मातीतून वर आला, पानं फुटली, वेल चढली. ‘अंकुराची वाढ’ या एवढ्याशा चित्रणातून ‘राजा हरिश्चंद्र’चं भांडवल उभं राहिलं. पुढे 1915 साली फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली. त्यात काड्यापेटीतल्या काड्या आपणहून हलतात, रचल्या जातात, आकार घेतात. आज ती फिल्म उपलब्ध नाही. पण मराठी माणसाने एकेक चित्र घेऊन निर्जीव वस्तू चालवल्याची नोंद तिथपर्यंत मागे जाते.

या दोन फिल्मांच्या पुढची पायरी माती आहे, आणि हे पुस्तक त्या पायरीचं आहे. वाटाणा स्वतःहून वाढतो. माणसाने तिथे फक्त कॅमेरा आणि उजेड सांभाळायचा. काडी स्वतःहून हलत नाही, ती प्रत्येक चित्राला किती सरकवायची हे हातालाच ठरवावं लागतं. मात्र ठेवली तिथे ती निमूट पडून राहते. माती हातानेच हलवावी लागते आणि वर ती ठेवली तिथे राहतही नाही. तिचं वजन तिला खाली ओढतं, उन्हाने ती सैलावते, बोटाखाली दबते. म्हणून वाटाण्याला लागणारा स्थिर उजेड, काडीला लागणारा गतीचा हिशेब आणि या दोन्हींना न लागलेला मजबूत सांगाडा, अशा तिन्ही गोष्टी मातीच्या दृश्याला एकाच वेळी लागतात. या तिघांपैकी एक जरी ढिला राहिला, तरी उरलेल्या दोघांवरची मेहनत पडद्यावर दिसत नाही.

जगभरात मातीच्या अ‍ॅनिमेशनच्या ढोबळमानाने तीन वाटा पडल्या. पहिली वाट मातीला मातीच ठेवणाऱ्यांची. प्लॅस्टिसिन ही तेलातली न सुकणारी माती इंग्लंडमध्ये विल्यम हारबट यांनी 1897 च्या सुमारास शिकवण्यासाठी तयार केली. तिचा गोळा चित्रागणिक वितळवावा, फाडावा, पुन्हा घडवावा आणि हे रूपांतर हाच विषय मानावा, असं या वाटेवरचे लोक करतात. अमेरिकेत विल विन्टन आणि बॉब गार्डिनर यांच्या ‘क्लोज्ड मन्डेज’ने या पद्धतीला ऑस्कर मिळवून दिलं. चेक दिग्दर्शक यान श्वांकमायर यांनी 1982 च्या ‘डायमेन्शन्स ऑफ डायलॉग’मध्ये डोकी एकमेकांना गिळत गिळत शेवटी मातीची होताना दाखवली. या वाटेत सांगाडा नसला तरी चालतं, कारण आकार टिकवायचाच नसतो.

दुसरी वाट सांगाड्याची. 1933 च्या ‘किंग काँग’मधलं माकड मातीचं नव्हतं. विलिस ओब्रायन यांच्यासाठी मार्सेल डेल्गाडो यांनी धातूच्या सांध्यांचा सांगाडा केला, त्यावर रबर आणि फर चढवली. हा सांगाडा घेतलेली पोझ सोडत नसे, म्हणून त्या प्राण्याला वजन आलं. पडद्यावर काँगच्या अंगावरची फर मधूनच सळसळते. ती वाऱ्याने हललेली नाही, अ‍ॅनिमेटरच्या बोटांनी दबली आहे. बाहुलीला हात लावल्याखेरीज ती हलत नाही आणि हात लावला की खूण राहते, ही या कलेची मर्यादा तिथे उघडी दिसते.

तिसरी वाट या दोघींना जोडते: आत सांगाडा, बाहेर माती. इंग्लंडमधल्या आर्डमन स्टुडिओत निक पार्क यांचे वॉलेस आणि ग्रोमिट 1989 मध्ये आले, आणि त्यांच्या चेहऱ्यांवरचे अंगठ्याचे ठसे लपवायची कुणाला गरज वाटली नाही. ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅडम इलियट यांनी याच घराण्यातून ‘मेरी अँड मॅक्स’सारखी मोठ्यांची गोष्ट सांगितली. आपल्याकडे ‘तारे ज़मीन पर’ची मातीतली शीर्षकं धीमंत व्यास यांनी केली, आणि मुंबईच्या स्टुडिओ ईकसॉरसमध्ये सुरेश एरियत यांनी वडील आणि मुलीची ‘टोकरी’ ही गोष्ट स्टॉप-मोशनमध्ये केली. 65 व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत ती सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटांपैकी एक ठरली. हे पुस्तक या तिसऱ्या वाटेचं आहे.

आज हे पुस्तक का, याचं उत्तर किनवटमधून द्यायला हवं, कारण ते इथेच लिहिलं गेलं. पूर्वी एकेक चित्र घेणारा कॅमेरा मिळवणं हाच मोठा अडसर होता. आता तो प्रत्येक घरात फोनच्या रूपाने आहे, आणि आधीचं चित्र पुढच्यावर पारदर्शक करून दाखवणारी अ‍ॅप्स त्यातच चालतात. अडसर दुसरीकडे सरकला आहे. स्टॉप-मोशनवरची पुस्तकं बहुतेक थंड हवेच्या, वीज न हलणाऱ्या देशांत लिहिली गेली. पैनगंगेकाठच्या या तालुक्यात एप्रिलपासून पारा चाळिशीच्या वर जातो, संध्याकाळी गावात पंप आणि कूलर सुरू झाले की व्होल्टेज उतरतं, आणि सांगाड्याच्या तयार तारा दुकानात मिळत नाहीत. त्यामुळे परदेशी पुस्तकातली कृती इथे जशीच्या तशी केली, तर दृश्य लुकलुकतं, बाहुली ओघळते आणि शिकणाऱ्याला वाटतं की आपल्यालाच हात नाही. दोष हाताचा नसतो, खोलीचा असतो.

पुस्तकभर एकच दृश्य उदाहरणाला घेतलं आहे. श्रावण अमावास्येला पोळ्यासाठी कुंभार बाजारात मातीचे बैल घेऊन बसतात. तो बैल जाड पायांवर उभा असतो, कारण त्याला फक्त पूजेपुरतं उभं राहायचं असतं. आमचा बैल झूल पांघरून वेशीकडे चालत जातो. चार सेकंदांचं दृश्य, बाजूने टिपलेलं, चौकट सुमारे चाळीस सेंटिमीटर रुंद. याच्या तयारीत या कलेचे बहुतेक प्रश्न येऊन जातात, म्हणून त्याची रूपरेषा इथेच मांडतो.

आधी गती. सिनेमा सेकंदाला चोवीस चित्रांचा, पण टेबलावरच्या कामात बहुधा प्रत्येक चित्र दोनदा दाखवतात. म्हणजे हाताने सेकंदाला बारा चित्रं करायची, आणि चार सेकंदांना अठ्ठेचाळीस. बैलाच्या चालीचं एक आवर्तन सोळा चित्रांचं धरलं, तर ते सव्वा सेकंदाहून थोडं जास्त भरतं, आणि एवढ्या वेळात तीन आवर्तनं बसतात. गाय-बैल संथ चालताना पाय एका ठरलेल्या क्रमाने उचलतात: उजवा मागचा, उजवा पुढचा, डावा मागचा, डावा पुढचा. टेबलावर बैल तोल सांभाळून उभा राहावा म्हणून एका वेळी एकच पाय हवेत ठेवायचा. चार पाय, प्रत्येकाला चार चित्रं, मिळून सोळा.

एका आवर्तनात बैल आठ सेंटिमीटर पुढे जातो असं ठरवलं, की धड प्रत्येक चित्राला पाच मिलिमीटर सरकतं. टेकलेला पाय बारा चित्रं जमिनीला चिकटून राहतो आणि त्याच्यावरून धड पुढे जातं. उचललेला पाय मात्र चारच चित्रांत पूर्ण आठ सेंटिमीटर कापतो आणि चौथ्या चित्रात टेकतो. नवशिक्याची चाल बहुतेक इथे फसते: तो चारही पाय थोडे थोडे पुढे ढकलतो, आणि पडद्यावर बैल चालण्याऐवजी घसरतो. घसरण ओळखायची खूण सोपी आहे. टेकलेल्या खुराजवळ जमिनीवर एक खूण ठरवा आणि चित्रं पुढेमागे चालवा. खूर त्या खुणेवरून हलला तर धडाचा हिशेब आणि पायांचा हिशेब जुळलेला नाही. धडाचे पाच मिलिमीटर मोजायला बैलामागे, चौकटीबाहेर, पट्टी चिकटवून ठेवावी. बैल वेशीपाशी थांबवायचा असेल, तर शेवटच्या चार चित्रांत ते पाच मिलिमीटर चार, तीन, दोन, एक असे उतरवायचे. एकदम थांबलेला बैल भिंतीला धडकल्यासारखा वाटतो.

हा हिशेब पाळायचा तर सांगाडा भक्कम हवा. इथे बांधकामाची लोखंडी तार सहज मिळते, पण ती उपयोगाची नाही: वाकवली की थोडी मागे उसळते, आणि पाच मिलिमीटरच्या कामात तेवढी उसळी सगळं बिघडवते. तांब्याची तार सुरुवातीला मऊ असते, पण वाकवता वाकवता कडक होत जाते. अ‍ॅल्युमिनियमची मऊ तार ठेवू तिथे राहते. दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या दोन तारा एकत्र पिळून एक पाय करावा. ड्रिल मशीनच्या तोंडात टोकं पकडली की पीळ एकसारखा बसतो. पायाच्या हाडाच्या जागी एम-सीलसारखी पुटी चढवावी आणि खांदा, गुडघा, खूर एवढ्याच जागा उघड्या सोडाव्यात. तार नेमकी सांध्यातच वाकते, आणि बैलाला हाडं असल्याचा भास होतो. उघड्या जागा फार अरुंद नसाव्यात: निदान एक सेंटिमीटर तार मोकळी हवी, नाहीतर सगळा बाक एका बिंदूवर येतो आणि तार तिथेच तुटते. अ‍ॅल्युमिनियम पुन्हापुन्हा वाकवलं की थकून तुटतंच. त्यामुळे चांगला सांगाडा म्हणजे न तुटणारा सांगाडा, असं समजू नये. दृश्य संपेपर्यंत टिकणारा आणि तुटला तर पाय बदलता येणारा सांगाडा हवा. धडाच्या पुटीत पोकळ नळीचे तुकडे बसवून पाय त्यात खोचले, की मातीखाली हे शक्य होतं.

दुसरा भार मातीचाच. अख्खा बैल मातीचा केला तर पाय त्याला पेलणार नाहीत. धडाच्या जागी थर्माकोल किंवा चुरगाळून घट्ट केलेली अ‍ॅल्युमिनियम फॉइल बसवायची आणि वर फक्त चार-पाच मिलिमीटर माती चढवायची. वशिंड आणि डोकं पोकळच ठेवावं, कारण पुढे झुकलेलं जड डोकं दर चित्रागणिक केसभर खाली येतं. एका चित्रात ते कळत नाही. सोळा चित्रांनंतर बैल मान टाकतो. कुंभाराची काळी माती किंवा शाडू या कामाला घेऊ नये. पाणी उडालं की ती आक्रसते आणि वाकवताना तडकते. तेलातली माती सुकत नाही, पण चाळीस अंशांत ती लोण्यासारखी होते. आमच्याकडे चित्रण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावं, आणि उन्हाळ्यात करायचंच असेल तर पहाटे सुरू करून ऊन चढण्याआधी आटपावं. मातीत थोडं वितळवलेलं मेण मिसळून ती घट्ट करता येते. मात्र मेण जास्त झालं तर सांध्यांवर भेगा पडतात.

खूर टेबलाला बांधावे लागतात. प्रत्येक खुराच्या तळाशी पुटीत एक छोटं नट बसवावं, प्लायवूडच्या पाटात आधीच भोकं पाडावीत आणि खालून स्क्रू आवळावा. आमच्या बैलाला सुरुवातीच्या चार जागा आणि तीन आवर्तनांत टेकायच्या बारा जागा, अशी सोळा भोकं लागतात. पाय उचलला की मागे भोक उघडं पडतं. ते जमिनीच्या रंगाच्या मातीने लगेच बुजवायचं, आणि कॅमेरा बैलाच्या पोटाच्या उंचीवर ठेवायचा, म्हणजे जमीन चौकटीत फार पसरत नाही. पाटासकट मेज भिंतीला किंवा जमिनीला घट्ट हवं. ट्रायपॉडचे पाय चिकटपट्टीने जमिनीला जखडावेत आणि फोनला हात न लावता, वायरच्या इअरफोनच्या बटणाने किंवा ब्लूटूथने चित्र घ्यावं. कॅमेरा केसभर हलला तर बैल जागेवर राहतो आणि गाव उडी मारतं.

आता उजेड. अठ्ठेचाळीस चित्रं, प्रत्येकाला अडीच-तीन मिनिटं, म्हणजे दोन-अडीच तास. एवढ्या वेळात खिडकीतलं ऊन कितीतरी बदलतं. म्हणून पहिलं काम खिडकी काळ्या कापडाने किंवा पुठ्ठ्याने पूर्ण बंद करण्याचं. खोलीत फक्त आपला दिवा राहिला की त्याच्या विजेचा प्रश्न समोर येतो. तारेच्या जुन्या बल्बला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळालं, तर उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो आणि पिवळटतोही. डोळ्यांना ते कळत नाही, कारण डोळे सावरून घेतात. कॅमेरा सावरत नाही. पडद्यावर तोच बैल ढगाखालून चालल्यासारखा काळवंडतो आणि उजळतो. पन्नास हर्ट्झच्या विजेवरचे स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. शटरची वेळ फार लहान असेल तर प्रत्येक चित्रात त्या लाटेचा वेगळा तुकडा सापडतो.

याला किनवटमध्ये सगळ्यात भरवशाचा उपाय सापडला तो साधा आहे: पाच व्होल्टवर चालणारा छोटा एलईडी दिवा पॉवर बँकवर लावायचा. पॉवर बँक आतली बॅटरी उतरत गेली तरी बाहेरचं व्होल्टेज एकसारखं ठेवते. दहा हजार एमएएचच्या पॉवर बँकवर पाच वॉटचा दिवा पाच-सहा तास चालतो, आणि मध्येच वीज गेली तरी दृश्य अडत नाही. दिव्याचा उजेड कमी करायचा असेल तर मंद करायचं बटण वापरू नये, कारण बरेच दिवे मंद करताना वेगाने चालू-बंद होतात. दिवा दूर सरकवावा. पाच वॉटचा उजेड पुरत नाही असं वाटेल, पण बाहुली हलत नसल्याने शटर पाव सेकंदभर उघडं ठेवता येतं. एलईडी सुरुवातीला तापताना किंचित मंदावतो, म्हणून पहिल्या चित्राच्या अर्धा तास आधी तो लावून ठेवावा. दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा पत्रा उभा केला की सावली मऊ होते.

फोनमध्ये चार गोष्टी हाताने ठरवून बांधायच्या: एक्स्पोजर, आयएसओ, व्हाइट बॅलन्स आणि फोकस. यातली एकही स्वयंचलित राहिली तर फोन दर चित्राला आपलं मत बदलतो. लेन्सची पाकळी उघडझाप करणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यांत आणखी एक लुकलुक येते: पाकळी दर वेळी नेमकी तेवढीच मिटत नाही. फोनमध्ये बहुधा पाकळी नसतेच, त्यामुळे या एका बाबतीत साधा फोन महागड्या कॅमेऱ्यापेक्षा बरा. अ‍ॅनिमेटरचं अंगही उजेड फेकतं. पांढरा सदरा घालून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे उभं राहिलं की भिंतीचा रंग बदलतो. गडद कपडे घालावेत आणि प्रत्येक चित्राला एकाच जागी मागे सरकावं. लुकलुक तपासताना बैलाकडे बघू नये; चौकटीच्या कोपऱ्यातल्या रिकाम्या भिंतीवर डोळे ठेवून चित्रं चालवावीत. भिंत स्थिर दिसली तर उजेड स्थिर आहे.

या भागाची म्हणून एक खास अडचण आहे. बैलाच्या शिंगांना बेगड, झुलीवर आरसे, आणि दृश्यात बंजारा बाई असेल तर तिच्या काचोळीवरही आरसे. हे सगळं चकाकतं, आणि बाहुली पाच मिलिमीटर सरकली की प्रत्येक आरशातला ठिपका वेगळीकडे उडी मारतो. चार सेकंदांत ते ठिणग्यांसारखं दिसतं आणि चाल हरवते. अशा वेळी खरे आरसे लावू नयेत: करड्या रंगाचे ठिपके रंगवून त्यावर मधोमध पांढरा बिंदू द्यावा. ही चकाकी झुलीसोबत पुढे जाते आणि झुलीवरची आपली जागा सोडत नाही. झूलही खऱ्या कापडाची असली तर ती दर स्पर्शाला सळसळते. तिच्या आत फॉइल चिकटवली की हवी तेवढीच हलते.

या पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे, पण ते पाककृतीच्या वहीसारखं वाचू नये. प्रत्येक कृतीच्या आधी तिचं कारण दिलं आहे, कारण प्रत्येकाची खोली वेगळी. लातूरच्या फ्लॅटमध्ये आणि इस्लापूरच्या पत्र्याच्या घरात उन्हाचा आणि विजेचा त्रास सारखा नसतो. पत्र्याखाली माती सकाळी अकरालाच सैलावते. कारण कळलं तर वाचक आपल्या खोलीपुरता उपाय स्वतः काढू शकतो. ओठांच्या हालचाली आणि बोलणं जुळवणं, आवाज, आणि संगणकावर चित्र दुरुस्त करणं हे विषय मुद्दाम बाहेर ठेवले आहेत. लुकलुक सॉफ्टवेअरने काही अंशी पुसता येते, पण उजेडाच्या चुकीमुळे बदललेल्या सावल्या पुसता येत नाहीत, म्हणून भर मेजावरच ठेवला आहे.

पहिल्या प्रयोगाला माती घेऊ नये. नुसता तारांचा सांगाडा पाटावर बांधावा, खिडकी बंद करावी, एक दिवा लावावा आणि एका आवर्तनाची सोळा चित्रं घ्यावीत. ती चित्रं चालवून तीन गोष्टी पाहाव्यात: कोपऱ्यातली भिंत लुकलुकते का, टेकलेला पाय खुणेवरून सरकतो का, आणि पोझ धरलेली मान सोळाव्या चित्रापर्यंत तिथेच आहे का. यातलं जे चुकलं असेल तेवढंच दुरुस्त करून तीच सोळा चित्रं पुन्हा घ्यावीत. तिन्ही गोष्टी ठीक आल्या की मग त्या सांगाड्यावर माती चढवावी. पुढच्या पानांपासून तेच काम सुरू होतं.